‘वाऱ्याच्या दिशेने जा’ म्हणजे नक्की कुठे? पंपावरच्या गॅस-सुरक्षेच्या मराठीचा प्रश्न

पेट्रोल पंपावर आता फक्त पेट्रोल आणि डिझेल मिळत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक पंपांवर एका कोपऱ्यात सीएनजीचं डिस्पेन्सर असतं आणि समोर रिक्षांची रांग लागलेली असते. काही पंपांवर ऑफिसच्या बाजूला जाळीच्या पिंजऱ्यात पाच किलोचे छोटे एलपीजी सिलिंडर विकायला ठेवलेले असतात. इंडियन ऑइलने या सिलिंडरला ‘छोटू’ असं नावच दिलं आहे. म्हणजे एकाच आवारात दोन वेगवेगळे गॅस आले. त्यांची भीती वेगळी आणि गळती झाली तर करायच्या गोष्टीही काही बाबतीत वेगळ्या.

मात्र भिंतीवरचा सूचनाफलक बहुतेक वेळा एकच असतो. मूळ मजकूर इंग्रजीत लिहिलेला, तिथून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत आलेला.

मराठी पाट्यांवर गेल्या काही वर्षांत भरपूर चर्चा झाली. दुकानांच्या पाट्या ठळक मराठीत असाव्यात यासाठी राज्याने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या सगळ्या चर्चेचा भर पाटीवर मराठी आहे की नाही, यावर होता. पंपावरच्या सुरक्षाफलकाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. रात्रपाळीला एकट्या असलेल्या कर्मचाऱ्याने ती मराठी वाचली, तर तो योग्य तेच करेल का?

तपासून पाहिलं तर काही शब्द चक्क उलट काम करायला लावतात, असं दिसतं.

एक ‘गॅस’ वर जातो, एक खाली बसतो

सुरुवात ‘गॅस’ या शब्दापासूनच करावी लागते. मराठीत स्वयंपाकाचाही गॅस, रिक्षाचाही गॅस. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा बराच हलका, साधारण निम्म्या वजनाचा असतो. सुटला की वर जातो आणि उघड्यावर लवकर विरून जातो. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. ते हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतं. सुटलं की जमिनीलगत पसरतं आणि गटारात, केबलच्या चरात, चेंबरमध्ये जाऊन बसतं.

त्यामुळे गळतीचा संशय आला की बघायची जागा बदलते. सीएनजीच्या बाबतीत डिस्पेन्सरवरच्या छताच्या खालची बाजू, कॉम्प्रेसरच्या खोलीचा वरचा भाग अशा गॅस अडकून राहू शकतो अशा ठिकाणी लक्ष द्यावं लागतं. छोटूच्या पिंजऱ्याजवळ मात्र नजर पायाशी हवी.

इथे ‘गळती’ हा शब्दही थोडी दिशाभूल करतो. छप्पर गळतं, नळ गळतो, केस गळतात. मराठी मनात गळणं म्हणजे खाली पडणं. एलपीजीला ते चित्र चालून जातं, सीएनजीला नाही. लोक बोलताना मात्र ‘गॅस सुटलाय’ म्हणतात, आणि या वाक्यात वर-खाली असं काही नाही. ‘वायुगळती’ हा बातम्यांनी रुळवलेला शब्द शीर्षकात ठीक आहे. फलकावर ‘गॅस सुटला तर’ हे जास्त अचूक आहे आणि वाचायलाही सोपं.

इंग्रजी फलकावर एलपीजीसाठी ‘लो-लाइंग एरियाज’ असं येतं. त्याचं मराठी ‘निम्नस्तरीय क्षेत्रे’ असं केलेलं दिसलं की भाषांतरकाराने शब्दकोश उघडला होता एवढंच कळतं. ‘सखल भाग’ हा शब्द पुष्कळ बरा, कारण पावसाळ्यात रोज बातम्यांत ‘सखल भागात पाणी साचलं’ ऐकलेलं असतं. पण त्याहून सरळ वाक्य त्याच पावसाळ्यात सापडतं: ‘जिथे पाणी साचतं, तिथे हा गॅस साचतो.’ पंपावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या आवारात पाणी कुठे तुंबतं हे ठाऊक असतं. त्यामुळे त्याला वेगळा नकाशा लागत नाही.

‘खाली सिलिंडर’ आणि ‘रिकामा सिलिंडर’

हिंदीतून मराठीत येताना होणारी सगळ्यात गमतीदार आणि धोक्याची चूक ‘खाली’ या शब्दाची आहे. हिंदीत ‘खाली सिलिंडर’ म्हणजे रिकामा सिलिंडर. मराठीत खाली म्हणजे तळाला, जमिनीवर. पिंजऱ्यावर ‘खाली सिलिंडर इधर रखें’ असं लिहिलेलं कुणी घाईत ‘खाली सिलिंडर इथे ठेवावेत’ असं मराठीत आणलं, तर मराठी वाचणारा भरलेला सिलिंडरही निमूटपणे तिथेच जमिनीवर ठेवेल. वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, म्हणून चूक कुणाच्या डोळ्यांना खुपतही नाही.

‘खाली’ काढून ‘रिकामा’ केलं की काम झालं, असं वाटेल. पण खरा घोळ तिथेच सुरू होतो.

हा घोळ जुना आहे. अमेरिकेत बेंजामिन ली व्होर्फ हा भाषाशास्त्रज्ञ एका आग विमा कंपनीत नोकरीला होता. आगी कशा लागतात याचे अहवाल तपासताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागत. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ मात्र बेफिकीर होत, सिगारेटही पेटवत. प्रत्यक्षात रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ भरलेली असे आणि तीच जास्त धोक्याची. ‘रिकामा’ या शब्दाने लोकांना सुरक्षित वाटत होतं. हे निरीक्षण १९४१ साली प्रसिद्ध झालं.

एलपीजीच्या सिलिंडरलाही हे लागू पडतं. शेगडी विझली म्हणजे आतला द्रव गॅस संपला; सिलिंडर पोकळ झाला असं नव्हे. आत गॅसची वाफ उरते. व्हॉल्व्ह नीट बसलेला नसेल तर ती हळूहळू बाहेर येते आणि बाहेरची हवाही आत शिरू शकते. म्हणून संपलेल्या सिलिंडरवरही सेफ्टी कॅप लावलेली असायला हवी, तोही उभाच ठेवायला हवा आणि तोही ठिणगीपासून दूर हवा. भरलेल्या सिलिंडरचे सगळे नियम त्याला लागू होतात.

म्हणून फलकावर ‘रिकामा’ हा शब्द एकटा असू नये. ‘वापरलेले सिलिंडर (आत गॅस उरलेला असतो)’ असं लिहिलं तर चार शब्द वाढतात, पण अर्थ पोचतो.

‘उभा’ या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं. गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करायचा, ही अनेक घरांतली जुनी सवय आहे. मूळ सूचनेत ‘सिलिंडर अपराइट पोझिशनमध्ये ठेवा’ असतं आणि त्याचं मराठीत ‘सरळ ठेवा’ केलं जातं. पण आडवा सिलिंडरही सरळ रेषेत ठेवता येतो. ‘उभाच ठेवा, आडवा करू नका’ असं दोन्ही बाजूंनी सांगावं लागतं. कारणही साधं आहे. उभ्या सिलिंडरमध्ये व्हॉल्व्हपाशी वाफ असते, आडव्यात व्हॉल्व्हपाशी द्रव येतो. द्रव बाहेर पडला की त्याची सुमारे अडीचशे पट वाफ होते. म्हणजे तेवढ्याच भोकातून कितीतरी जास्त गॅस सुटतो.

‘बंद’ म्हणजे नेमकं काय?

मराठीतला सगळ्यात कामसू आणि या संदर्भात सगळ्यात बेभरवशाचा शब्द म्हणजे ‘बंद’.

‘व्हॉल्व्ह बंद आहे’ ही चांगली बातमी. ‘डिटेक्टर बंद आहे’ ही वाईट बातमी. ‘पंप बंद आहे’ म्हणजे आज विक्री नाही. ‘अलार्म बंद कर’ म्हणजे आवाज थांबव, की गॅस पकडणारी यंत्रणाच बंद कर? बोलताना हे सगळं संदर्भाने कळतं. रात्री दोन वाजता भोंगा वाजत असताना फलक वाचणाऱ्याला तो संदर्भ मिळेलच असं नाही.

इंग्रजी नियमावलीत यासाठी वेगवेगळे शब्द असतात. भोंग्याचा आवाज थांबवून ‘इशारा पाहिला’ अशी नोंद देणं वेगळं, गॅस गेल्यावर यंत्रणा पुन्हा मूळ स्थितीत आणणं वेगळं आणि डिटेक्टरच जोडणीतून बाजूला काढणं वेगळं. पहिलं काम कर्मचारी करू शकतो. दुसरं जबाबदार माणसाने तपासणी करूनच करायचं असतं. तिसरं तर लेखी परवानगीशिवाय करायचंच नसतं. मराठीत तिन्हींना ‘अलार्म बंद करणे’ म्हटलं, तर हा फरकच पुसला जातो. ‘आवाज थांबवा’, ‘पुन्हा सुरू करा’ आणि ‘जोडणी काढू नका’ असे तीन वेगळे शब्दप्रयोग सहज करता येतात. ‘नादुरुस्त’ हाही चांगला, रुळलेला शब्द आहे. ‘डिटेक्टर नादुरुस्त’ वाचून कुणाचा गैरसमज होणार नाही.

पण ‘बंद’चा खरा धोका विजेच्या बाबतीत आहे. गॅस सुटला तर ‘डू नॉट ऑपरेट एनी इलेक्ट्रिकल स्विच’ अशी सूचना असते. बटण लावताना जशी ठिणगी पडू शकते, तशीच ते काढतानाही पडू शकते. म्हणजे लागलेला पंखा लागलेलाच राहू द्यायचा. मराठीत हे पुष्कळदा ‘विजेची उपकरणे वापरू नयेत’ असं येतं. ते वाचून कर्तव्यदक्ष माणूस काय करेल? चालू असलेला दिवा, पंखा, कूलर पटापट बंद करेल. सूचना पाळली, असंच त्याला वाटेल.

इथे ‘विजेचं कोणतंही बटण लावू नका आणि काढूही नका, जे जसं आहे तसं राहू द्या’ असं सविस्तरच लिहायला हवं. ‘काढू नका’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक भाषांतरांत नेमका तोच गळतो.

मग वाचणाऱ्याच्या मनात लगेच शंका येते. बटणाला हात लावायचा नाही, तर ते मोठं लाल इमर्जन्सी बटण? ते दाबायचंच असतं. त्यानेच कॉम्प्रेसर थांबतो आणि गॅसच्या लाइनवरचे व्हॉल्व्ह मिटतात. गॅसच्या जागेत बसवलेली अशी बटणं ‘फ्लेमप्रूफ’ जाड खोक्यात असतात. आत ठिणगी पडली, अगदी आत शिरलेल्या गॅसने भडका घेतला, तरी ती ज्वाळा बाहेरच्या गॅसपर्यंत पोचू नये, अशी त्या खोक्याची घडण असते.

या ‘फ्लेमप्रूफ’चं मराठी ‘अग्निरोधक’ असं केलं जातं आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की हे खोकं आगीत जळत नाही. तो अर्थ नाही. ज्वाळा आत अडवण्याची ताकद झाकणाच्या घट्ट बसण्यात असते. झाकणाचा एखादा बोल्ट हरवला, तर खोकं दिसायला तसंच राहतं पण त्याचा उपयोग संपतो. ‘झाकणाचे सर्व बोल्ट घट्ट असल्याशिवाय वापरू नये’ हे वाक्य ‘अग्निरोधक’पेक्षा कितीतरी जास्त माहिती देतं.

पडद्यावर २० दिसलं, म्हणजे २० टक्के गॅस?

गॅस डिटेक्टरच्या पॅनेलवर आकडा दिसतो, उदाहरणार्थ `20 % LEL`. याचा अर्थ हवेत २० टक्के गॅस आहे असा अजिबात नाही.

गॅस पेटायला हवेत त्याचं ठरावीक प्रमाण लागतं. त्याहून कमी असेल तर ठिणगी पडूनही तो पेट घेत नाही. मिथेनच्या बाबतीत ही खालची मर्यादा साधारण ५ टक्के आहे. एलपीजीच्या बाबतीत ती २ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे थोडा गॅसही पुरतो. डिटेक्टर ही मर्यादा म्हणजे शंभर असं धरतो आणि आपण तिच्या किती जवळ आलो आहोत ते दाखवतो. सीएनजीच्या पंपावर पडद्यावर २० आलं, म्हणजे ५ टक्क्यांचे वीस टक्के. हवेत प्रत्यक्ष १ टक्का गॅस. पडद्यावर १०० आलं, तर हवेत ५ टक्के गॅस आहे आणि आता एक ठिणगी पुरे आहे.

बहुतेक ठिकाणी पहिला इशारा २० च्या आसपास आणि दुसरा, यंत्रणा आपोआप थांबवणारा, ४० च्या आसपास ठेवलेला असतो. नक्की आकडा त्या पंपाच्या नोंदीत पाहावा लागतो.

यासाठी पुस्तकी मराठीत ‘निम्न स्फोटक मर्यादा’ असा शब्द वापरतात. शास्त्राच्या पुस्तकात त्याला हरकत नाही. फलकावर मात्र ‘निम्न’ वाचून ‘म्हणजे कमी धोक्याची’ असं कुणालाही वाटू शकतं. आणि ‘२० टक्के’ वाचून अजून ८० टक्के बाकी आहेत, असा बॅटरीच्या चार्जिंगसारखा हिशेब डोक्यात सुरू होतो. मोबाइलने लावलेली ही सवय आहे.

यावरचा साधा उपाय म्हणजे टक्क्यांचं भाषांतरच न करणं. ‘आकडा २० झाला: गॅस भरणं थांबवा, सुपरवायझरला बोलवा. आकडा ४० झाला: लाल बटण दाबा, सगळ्यांना बाहेर काढा. आकडा १०० म्हणजे गॅस पेटण्याच्या स्थितीत आहे.’ मर्यादेची व्याख्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात सविस्तर द्यावी. भिंतीवर आकडा आणि त्याचं काम एवढंच पुरे.

आकडा उतरला म्हणजे गॅस गेला, असंही प्रत्येक वेळी नसतं. काही डिटेक्टर आतल्या छोट्या तप्त मण्यावर गॅस जाळून मोजतात. गॅस खूपच जास्त झाला तर जळायला हवाच पुरत नाही आणि आकडा वर जाऊन पुन्हा खाली येतो. म्हणून झपकन चढून उतरलेला आकडा हा दिलासा समजू नये.

नाकाचंही तसंच आहे. एलपीजी आणि सीएनजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाची उग्र वासाची रसायनं थोडीशी मिसळतात. पण थोडा वेळ त्या वासात उभं राहिलं की नाक सरावतं आणि वास यायचा थांबतो. ‘वास येणे बंद होईपर्यंत थांबा’ अशी सूचना म्हणूनच घातक आहे, आणि तीही पुन्हा ‘बंद’नेच झालेली.

गळती नक्की कुठून आहे हे शोधायचं तर जोडावर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. इथे ‘लीक डिटेक्शन सोल्यूशन’चं ‘गळती शोधक द्रावण’ करण्याची काही गरज नाही. ‘साबणाचा फेस’ सगळ्यांना कळतो. काडी पेटवून बघायचं नाही, हे मात्र सोबत ठळक लिहावं लागतं, कारण ही सवय अजूनही संपलेली नाही.

वाऱ्याची दिशा

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे. ‘इव्हॅक्युएट अपविंड’ अशी मूळ सूचना असते. वारा जिकडून येतो त्या बाजूला जा, म्हणजे गॅस तुमच्यापासून लांब वाहील, हा तिचा अर्थ. मराठी फलकावर हे ‘वाऱ्याच्या दिशेने जावे’ असं होतं.

पण मराठीत वाऱ्याच्या दिशेने जाणं म्हणजे काय? होडी वाऱ्याच्या दिशेने जाते, पतंग वाऱ्याच्या दिशेने जातो. तो वारा नेईल तिकडे जातो. गॅसही तिकडेच जात असतो. फलक वाचून धावणारा माणूस गॅसच्या सोबतीने धावेल.

‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने’ हे बरोबर आहे, पण घाईत ‘विरुद्ध’ शब्द निसटतो. शेतकऱ्याला वाऱ्याची बाजू शिकवावी लागत नाही. धान्य उफणताना भुसा कुठे उडेल हे त्याला पाहताक्षणी कळतं आणि फवारणी करताना वारा अंगावर घ्यायचा नाही हेही माहीत असतं. त्याच अनुभवाच्या भाषेत सांगायचं तर ‘वारा तोंडावर लागेल असे चाला’ हे पुरेसं आहे. त्यात दिशा, डावं-उजवं, पूर्व-पश्चिम काही लागत नाही.

एक अपवाद लिहावाच लागतो. गळतीची जागाच वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे तुमच्या समोर असेल, तर तोंडावर वारा घेऊन चालल्यास तुम्ही थेट गॅसच्या ढगात शिराल. अशा वेळी आधी आडवं, एका बाजूला सरकायचं आणि वळसा घेऊन वाऱ्याच्या बाजूला जायचं.

हे कागदी बारकावे नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये जयपूरजवळ अजमेर महामार्गावर एलपीजीच्या टँकरला ट्रकची धडक बसली. टँकरमधून सुटलेला गॅस आधी रस्त्यावर पसरला आणि मग त्याने पेट घेतला. आगीने रस्त्यावरच्या अनेक वाहनांना वेढलं. अशा अपघातात गॅस सुटणं आणि पेटणं यांच्यामध्ये थोडासाच वेळ मिळतो. त्या वेळात माणूस कुठल्या बाजूला पळतो, हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

एक फलक, ओळीओळीने

समजा, एका महामार्गावरच्या पंपावर असा फलक आहे. त्यावर सीएनजी आणि छोटू सिलिंडर दोन्हींसाठी एकच मजकूर आहे:

‘वायुगळती झाल्यास पुरवठा खंडित करावा. विद्युत उपकरणांचा वापर टाळावा. ज्वलनस्रोत हटवावेत. वाऱ्याच्या दिशेने सुरक्षित स्थळी जावे. आग लागल्यास अग्निशामकाचा वापर करून त्वरित विझवावी.’

पाचही वाक्यं शुद्ध आहेत. शाळेच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. पण पहिल्या वाक्यात कुठला पुरवठा, विजेचा की गॅसचा, ते कळत नाही. वीजही ‘खंडित’ होते आणि मराठी माणसाने हा शब्द बहुतेक वेळा विजेबाबतच ऐकलेला असतो. दुसरं वाक्य पंखा बंद करायला लावतं. तिसऱ्यातला ‘ज्वलनस्रोत’ म्हणजे समोरची बिडी, चालू रिक्षा की मोबाइल, हे सांगत नाही. शिवाय ‘हटवावेत’ वाचून कुणी चालू गाडी पुढे काढायला गेला, तर इंजिनच ठिणगीचं कारण व्हायचं. चौथं वाक्य माणसाला गॅसबरोबर पाठवतं.

पाचवं वाक्य वरकरणी सगळ्यात निरुपद्रवी दिसतं, पण तेच सर्वांत घातक ठरू शकतं. सुटणारा गॅस जळत असेल आणि तो मागून थांबवता येत नसेल, तर नुसती ज्वाळा विझवायची नसते. ज्वाळा विझली तरी गॅस सुटतच राहतो, न जळता आवारात साचतो आणि पुढच्या ठिणगीला एकदम भडकतो. आधी गॅस थांबवायचा. तो थांबला की ज्वाळा आपोआप विझते. तो थांबत नसेल तर लांब जायचं आणि अग्निशमन दलाला सांगायचं.

हाच मजकूर दोन फलकांवर वाटला तर काम सोपं होतं. सीएनजीच्या डिस्पेन्सरजवळ:

‘गॅस सुटला तर: लाल बटण दाबा. दुसरं कुठलंही बटण लावू नका, काढू नका. गाडी सुरू करू नका. सगळ्यांना गाडीतून उतरवा. हा गॅस वर जातो, छताखाली थांबू नका. वारा तोंडावर लागेल असे चालत बाहेर जा. गॅस वाटेत असेल तर आधी बाजूला सरा. बाहेर गेल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन करा.’

सिलिंडरच्या पिंजऱ्याजवळ:

‘गॅस सुटला तर: सेफ्टी कॅप लावा. तरी थांबला नाही तर सिलिंडर उभाच उचलून उघड्यावर न्या, गटार आणि चेंबरपासून लांब. जिथे पाणी साचतं तिथे हा गॅस साचतो. गॅस पेटलेला असेल तर सिलिंडरला हात लावू नका, सगळ्यांना लांब न्या. मदतीला १९०६.’

फोन ‘बाहेर गेल्यावर’ करायचा, हे मुद्दाम लिहिलं आहे. एका फलकावर ‘मोबाइल वापरू नये’ आणि शेजारच्या फलकावर ‘तात्काळ दूरध्वनी करावा’ असं लिहिलेलं असेल, तर माणूस दोन्ही वाचून गोंधळतो.

या मजकुरात बटण, सेफ्टी कॅप, सिलिंडर असे शब्द तसेच ठेवले आहेत. त्यावर भाषाप्रेमींचा आक्षेप असू शकतो. ‘झडप’ हा चांगला मराठी शब्द आहेच. पण पंपावर त्या वस्तूला सगळे व्हॉल्व्ह म्हणतात आणि ‘झडप’ म्हटल्यावर मांजरीची झडप आठवते. जी वस्तू हाताने धरायची आहे तिचं नाव तिथल्या लोकांच्या तोंडी असलेलंच हवं. मराठी असायला हवी ती क्रियापदांत: दाबा, लावू नका, काढू नका, सरा.

पुस्तकी शब्दांना जागा नाही असंही नाही. सीएनजी गाडीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. या ‘हायड्रोटेस्ट’ला ‘जलदाब चाचणी’ म्हटलं की टाकीत पाणी भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन ती टिकते का हे पाहतात, असं शब्दावरूनच कळतं. पूर्ण भरलेल्या टाकीत सुमारे २०० बार, म्हणजे साध्या हवेच्या दोनशे पट दाब असतो. गॅस भरताना प्रवाशांना खाली उतरवतात ते यासाठीच. ‘प्रवाशांनी उतरावे’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘टाकीत दोनशे पट दाब भरला जातो, म्हणून उतरा’ असं लिहिलं तर रांगेतली हुज्जत थोडी कमी होईल.

फलक बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

भाषांतर तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे मूळ इंग्रजीशी ताडून पाहणं. वरचा पाच वाक्यांचा फलक त्या परीक्षेत सहज पास झाला असता. इथे उपयोगी पडते ती दुसरी पद्धत. आठवड्याभरापूर्वी लागलेल्या कर्मचाऱ्याला फलक वाचायला द्यायचा आणि ‘कळलं का’ असं न विचारता ‘करून दाखव’ म्हणायचं. ‘कळलं का’ याला उत्तर नेहमी ‘हो’ येतं. करून दाखवताना त्याचा हात कुठल्या बटणाकडे जातो, सिलिंडर तो कसा धरतो, कुठल्या बाजूला चालतो, हे दिसतं. जिथे तो थबकतो, तिथला शब्द बदलायचा. अनेक पंपांवर कर्मचारी हिंदी बोलणारे असतात. त्यांच्यासाठी हिंदी फलक वेगळा तपासावा लागतो. मराठीवरून केलेला हिंदी फलक पुन्हा ‘खाली’पाशी अडखळतोच.

या चाचणीत एक गोष्ट हमखास पुढे येते. ‘वारा तोंडावर लागेल असे चाला’ हे वाक्य सगळ्यांना कळतं, पण वारा मंद असेल, आजूबाजूला उभे ट्रक असतील, तर तो कुठून येतोय हेच कळत नाही. तिथे शब्द बदलून उपयोग नसतो. विमानतळावर असतो तसा कापडी वातकुक्कुट किंवा निदान उंच काठीला बांधलेलं एक फडकं सगळ्यांना दिसेल अशा जागी लावावं लागतं, आणि फलकाच्या शेवटच्या ओळीत लिहावं लागतं: ‘वारा कुठून येतो ते फडक्यावरून बघा.’